चॅटमधल्या कथेचं भाषांतर: lol, brb, 💀 आणि "k." यांचं काय करायचं? सल्ला हवा

निळी_शाई
एक इंग्रजी कथा मराठीत करतेय. सगळी कथा दोन मित्रांच्या चॅटमध्येच घडते, निवेदन अजिबात नाही. अटी अशा: फक्त देवनागरी, एका फुग्यात इमोजी धरून जास्तीत जास्त 40 अक्षरं, आणि इमोजी बदलायचे नाहीत. मुदत तीन दिवस. विकतचं काही सुचवू नका, त्यासाठी पैसे नाहीत.

नमुना:

```
R: ngl i kinda ate that presentation 😌
S: ikr whole class was shook 💀
R: lol ok brb mom calling
S: k.
```

R मुलगी आहे, वय 19. S कोण, मुलगा की मुलगी, हे लेखकाने शेवटच्या भागापर्यंत लपवलंय. शेवटच्या "k." वर पुढचं सगळं भांडण उभं आहे. कसं करू?

खटपट्या
देवनागरीत कोण चॅट करतं हो? सरळ रोमनमध्ये लिहा. `ho na`, `nko`, `mhnje`, `kay krtoys`. खरी पोरं असंच लिहितात. मी माझ्या भाचीचे मेसेज रोज वाचतो, त्यात देवनागरी औषधालाही नसते.

निळी_शाई
@खटपट्या पटतंय, पण फक्त देवनागरी ही अट आहे. वर लिहिलीय.

जुना_सभासद
आपल्याकडे आयतं असताना इंग्रजी लघुरूपांच्या मागे का लागता? lol ला हहपुवा, thanks ला धन्स, सहमत असाल तर +१, आणि चेष्टा केली की शेवटी "दिवे घ्या". मराठी संकेतस्थळांवर आम्ही ही भाषा घडवली आहे. ती वापरली नाही तर मरेल.

चष्मेवाली
हहपुवा मलाही आवडतं, पण 19 वर्षांची मुलगी ते लिहील? माझ्या कॉलेजमधल्या एकीनेही कधी लिहिलेलं नाही. आम्ही "मेले", "वारले", "कठीणे" असं लिहितो. आणि 💀 ला 💀च, त्याचं भाषांतर करायला काही नाही.

जुना_सभासद
आधी "वारले" कुठून आलं ते बघा. तेही आमच्याच धाग्यांवरचं.

पाऊलवाट
💀 वरून सांगते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने गमतीचा किस्सा टाकला आणि माझ्या पुतण्याने खाली फक्त 💀 आणि 😭 टाकलं. मोठ्या काकूंनी लगेच फोन केला, कोण गेलं म्हणून. घरभर गोंधळ. माझं मत, असले इमोजी काढून 😂 टाकावा. तो सगळ्यांना कळतो.

चष्मेवाली
@पाऊलवाट पण ताई, 😂 टाकला की R आणि S एकदम चाळिशीचे वाटायला लागतील. कोण कोणता हसरा इमोजी टाकतं त्यावरून वय कळतं. आणि इमोजी बदलायचे नाहीत असं वर म्हटलंय.

उपशीर्षक
मी बरीच वर्षं मालिकांची सबटायटल्स करतो, त्यात फोनच्या पडद्यावरचे मेसेज सतत येतात. दोन गोष्टींवर सविस्तर लिहितो, कारण बाकीचं तुम्हाला जमेल असं दिसतंय.

पहिली म्हणजे लघुरूपं. लघुरूपाला लघुरूप शोधत बसू नका. इंग्रजी चॅटमध्ये सैलपणा अक्षरं गाळून येतो, मराठीत तो क्रियापदाच्या शेपटीत आणि छोट्या शब्दांत असतो. "करतो आहे" चं "करतोय", "झाले" चं "झालं", "ठीक आहे" चं "ठीके", आणि मग ना, की, रे, गं, यार. त्यामुळे ikr म्हणजे सरळ "हो ना!". idk म्हणजे "काय माहीत". nvm म्हणजे "जाऊ दे". ngl म्हणजे "खरं सांगू?". यातलं एकही लघुरूप नाही, पण कानाला सगळं चॅटच वाटतं.

lol चं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं बघा. तुमच्या तिसऱ्या ओळीत R हसत नाहीये. संभाषण मध्येच तोडायचंय, ते टोचू नये म्हणून lol लावलाय. तिथे हाहा किंवा हहपुवा टाकलं तर अर्थ बदलतो. मी "बरं बरं" करेन. जिथे खरंच विनोद झालाय तिथेच हसणं ठेवा. ओळखायची सोपी रीत म्हणजे lol काढून वाक्य वाचायचं. वाक्य नुसतं रुक्ष झालं तर तो मऊपणासाठी होता, विनोदच दिसेनासा झाला तर हसण्यासाठी.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि तिच्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही. S चं लिंग. इंग्रजीत brb लिहून सुटता येतं. मराठीत "आलोच" की "आलेच", तिथेच गुपित फुटतं. "करतोय/करतेय", "निघालो/निघाले", "मेलो/मेले" सगळीकडे तेच. चष्मेवाली यांनी सुचवलेलं "वारले" R ला चालेल, S ला नाही.

पण मराठीतही पळवाटा आहेत. भविष्यकाळात प्रथमपुरुषी लिंग दिसत नाही: "येईन", "सांगेन", "बघेन". सकर्मक भूतकाळ बहुतेक वेळा कर्माप्रमाणे चालतो, म्हणून "मी पाहिलं", "मी मेसेज टाकला" लिहिणारा कोण हे सांगत नाही. आणि मला ची वाक्यं: "मला वाटलं", "मला जमणार नाही", "भीती वाटतेय". म्हणजे S ने brb म्हटलं तर "एक मिनिट" किंवा "लगेच येईन". omw असेल तर "वाटेत आहे". i'm dead असेल तर "मारशील मला 💀".

R कडूनही काळजी घ्या. ती S ला अरे किंवा अगं म्हणू शकत नाही, "काय करतोयस" विचारू शकत नाही. "यार" आणि "काय चाललंय?" ने बरंच निभावतं. मात्र यार प्रत्येक फुग्यात आला की वाचणाऱ्याला शंका येते, म्हणून अधूनमधून संबोधन गाळूनच टाका.

गोगलगाय
वा! एक भर घालतो. मूळ कथेत S ने कुठे 🤷‍♂️ किंवा 🤷‍♀️ टाकलाय का ते शोधा. त्यात लिंगाचं चिन्ह आत जोडलेलं असतं, तिथेच उत्तर मिळेल.

उपशीर्षक
चांगला मुद्दा, पण त्याने S कोण हे सिद्ध होत नाही. लोक हाताला लागेल तो इमोजी टाकतात. साधा 🤷 असेल तर तोही वेगवेगळ्या फोनवर वेगळा दिसतो. लेखकालाच विचारलेलं बरं.

गोगलगाय
आणि 40 अक्षरांचं बघा हं, मोजणी कशी करतात ते विचारा. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "क्षि" आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्र चार मोजतं. 💀 काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दोन. 🤷‍♀️ तर चार किंवा पाच भरतो. एसएमएसमध्येही हेच, इंग्रजीत 160 मावतात आणि देवनागरी आली की 70.

खटपट्या
म्हणूनच म्हणत होतो, रोमन.

निळी_शाई
@गोगलगाय विचारलं. ज्यांनी अटी घातल्यात ते मात्रा वेगळ्या मोजतात आणि साध्या इमोजीचे दोन धरतात. @उपशीर्षक तुमच्या पद्धतीने पहिल्या तीन ओळी अशा झाल्या:

```
R: खरं सांगू? प्रेझेंटेशन फोडलं मी 😌
S: हो ना! अख्खा वर्ग गार 💀
R: बरं बरं, आईचा फोन, आलेच
```

पहिली ओळ त्यांच्या मोजणीने 34 भरली, सगळ्यात लांब तीच. आता "k." उरलं.

चष्मेवाली
"फोडलं" मस्त! "k." ला नुसतं "के." ठेवा. आम्ही असंच लिहितो.

पाऊलवाट
👍 टाकावा. आमच्याकडे नाराजी असली की तोच येतो.

उपशीर्षक
नवा इमोजी घालता येणार नाही, अट आहे. आणि 👍 एका वाचकाला तुटक वाटतो, दुसऱ्याला साधा होकार.

माझं मत "ठीक आहे." इंग्रजीत माणूस रागावला की शब्द तोडतो. मराठीत नेहमी सैल बोलणारा माणूस रागावला की अचानक पूर्ण आणि शुद्ध बोलायला लागतो. S आधी दहा ठिकाणी "ठीके" म्हणत असेल आणि इथे पूर्णविरामासकट "ठीक आहे." आलं, तर थंडपणा लगेच जाणवतो. फक्त एक करावं लागेल. आधीच्या फुग्यांत S च्या कुठल्याही वाक्याला शेवटी पूर्णविराम देऊ नका, नाहीतर इथला दिसणारच नाही. "के." ची अडचण अशी की देवनागरीत तो आधी टायपिंगची चूक वाटतो.

जुना_सभासद
"ठीक आहे." ला माझं अनुमोदन. शुद्ध लिहिणं म्हणजे राग, हे आमच्या घरी पत्रांपासून चालत आलंय.

चष्मेवाली
मलाही पटलं. आणखी चिडवायचं असेल तर S ने R ला "तुम्ही" म्हणावं.

उपशीर्षक
ते पुढच्या भांडणासाठी राखून ठेवा. आत्ताच वापरलं तर वर चढायला जागा राहणार नाही.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. S च्या सगळ्या ओळी पळवाटांनी पुन्हा लिहिल्या. एकच ठिकाण अडलं होतं: i'm so tired, जिथे "दमलोय/दमलेय" येतं. तिथे "अंगात त्राणच नाही" केलं. पूर्णविरामही सगळीकडून काढले.

"k." साठी मात्र मी "हं." ठेवतेय. कारण सांगते. कथेत फुगा मजकुराइतकाच मोठा होतो, आणि त्या पानावर एवढ्या लांब गप्पांखाली इवलासा फुगा दिसणं हाच धक्का आहे. "ठीक आहे." ने फुगा रुंद होतो आणि बाकीच्यांसारखाच दिसतो. "तुम्ही" ची सूचना तिसऱ्या भागात वापरतेय, जिथे R माफी मागते आणि S मानत नाही.

उपशीर्षक
फुग्याचं कारण पटलं, शब्द नाही पटला. "हं." वाचताना S ऐकतोय, पुढे सांग म्हणतोय असंही वाटू शकतं. निदान दोन-तीन जणांना नुसतं ते पान वाचायला द्या आणि S चा मूड काय ते विचारा. काही सुचवू नका.

गोगलगाय
"ऐकतोय" लिहिलंत! S मुलगा ठरवून टाकलात.

खटपट्या
रोमनमध्ये `hmm.` लिहिलं असतं तर हा वादच झाला नसता.

निळी_शाई
@उपशीर्षक उद्या देते वाचायला. चष्मेवाली, तुझ्या वर्गातल्या दोघी मिळतील का? मेसेज करते.