दावा १४०, प्रत्यक्षात ९०: शीर्षक कसं द्यावं

‘माझी इलेक्ट्रिक दुचाकी एका चार्जमध्ये १४० किमी जाते असं कंपनी म्हणते, मला ९० मिळाले, रिव्ह्यूच्या शीर्षकात "फसवणूक" लिहू का?’

नको. १४० हा आयडीसी, म्हणजे ठरावीक वेगक्रमाने घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचणीतला आकडा असणार. त्या चाचणीत वेग ताशी ४२ किमीच्या वर जातच नाही, सरासरी २२ च्या आसपास. शीर्षकात दोन्ही आकडे द्या आणि पुढे ‘पुणे शहर, इको मोड, डबलसीट’ जोडा. वर्णनात टायरची हवा आणि कात्रज घाट चढून उतरलात की नुसता चढलात, हेही येऊ द्या. बॅटरी १०० वरून २० टक्क्यांपर्यंत उतरेतो ७२ किमी गेला असाल, तर ९० हा हिशोबाने काढलेला आकडा आहे, तसं स्पष्ट लिहा.

तुलनेसाठी मात्र वापरलेली वीज बघा: ३ युनिटच्या बॅटरीतली २.४ युनिट ७२ किमीला, म्हणजे किलोमीटरमागे ३३ वॉट-अवर. समोरची गाडी ४ युनिटची असली तरी हा आकडा चालतो, फक्त रस्ता, वेग आणि वजन तेच हवं.