पंचवीसची गोळी कमी वाटते तेव्हा

‘बाबा ७८ वर्षांचे, बायपास झालेली, टीएसएच ४२. मग डॉक्टरांनी थायरॉइडची फक्त २५ मायक्रोग्रॅमची गोळी का दिली?’

टीएसएच एवढा वाढलेला म्हणजे शरीरात थायरॉइड हार्मोन कमी पडतंय, आणि गोळी ते भरून काढते. वजन ६० किलो धरलं तर तरुण, धडधाकट माणसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम लागतील. पण थायरॉइड हार्मोन वाढलं की हृदयाचे ठोके आणि त्याची ऑक्सिजनची गरज दोन्ही वाढतात, आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तेवढा पुरवठा करू शकत नाहीत. म्हणून अशा रुग्णांना १२.५ किंवा २५वर सुरू करतात. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून तेवढ्याच पायरीने वाढवतात. त्याआधी तपासून उपयोग नाही, आकडा स्थिरावलेला नसतो.

माझ्या सासऱ्यांचं सांगते. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहायचे, लिफ्ट नाही. २५वर सहा आठवड्यांनी टीएसएच ४०वरून २६वर आला, डोस ५० झाला. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच छातीत आवळल्यासारखं होऊन ते कठड्याला धरून उभे राहिले. आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, डोस ३७.५वर आणला, हृदयाची औषधं बदलली, आणि मगच दोन महिन्यांनी पुन्हा ५० केला. शेवटी टीएसएच ५च्या आसपास ठेवला; त्या वयात तेवढा चालतो, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा डोस वाढला की बाबांना नेहमीच्या जिन्यावर नीट बघा. छातीत दुखलं, नाडी अनियमित लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि गोळी स्वतःहून दुप्पट करू नका, प्लीज.