शब्दचर्चा: स्टेप शाफ्टच्या ड्रॉइंगमधली 'छेदरेषा' नेमकी कोणती?

विद्यार्थिनी, सोलापूर: आमच्या नोट्समध्ये 'छेदरेषा' हा शब्द दोन ठिकाणी आलाय. कुठून कापलं ते दाखवणारी रेघ, आणि कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेघा. कुठली खरी?

लेथवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी: पहिलीच. दुसऱ्याला आम्ही हॅचिंग म्हणतो. पण शाफ्टला हॅचिंग करतच नाहीत की! भरीव शाफ्ट अख्खाच दाखवायचा असतो.

निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, जुळे सोलापूर: निम्मं बरोबर आहे. अक्षाच्या दिशेनं काप घेतला तर भरीव शाफ्टवर रेघा मारत नाहीत. आडवा काप घेतला तर मारायच्याच.

समजा शाफ्टला तीन पायऱ्या आहेत: व्यास २०, ३० आणि २५, लांबी ३०, ५० आणि ४० मिमी. मधल्या पायरीवर, आपल्याकडे तोंड करून, ८ रुंद आणि ४ खोल कीवे आहे. समोरून तो नुसता चौकटीसारखा दिसतो, खोली कळत नाही. त्यासाठी कीवेच्या मध्यावर छेदनतल रेषा घ्या. ती बारीक साखळी रेघ. फक्त दोन्ही टोकं जाड, तिथं बाण आणि 'ए-ए'.

बाण डावीकडे केले तर आपण उजवीकडून बघतोय. म्हणून छेददृश्यात ३० च्या वर्तुळाला खाच डाव्या बाजूला येते. खाच उजवीकडे काढली की बाण आणि दृश्य जुळत नाहीत, आणि चूक इथंच जास्त होते. रेघा ४५ अंशांत, सारख्या अंतरावर, बारीक. कीवेची खाच कोरी ठेवायची, तिथं धातू नाही.

कॅडवाला, होटगी रोड: माझ्या रेघा उभ्या येतात. `ANSI31` घेतलं आणि अँगल ४५ दिला.

शिक्षक: त्या पॅटर्नमध्ये ४५ अंश आधीच आहेत. तुम्ही आणखी ४५ मिळवले, ९० झाले. अँगल ० ठेवा.

विद्यार्थिनी: मग आयसोमेट्रिकमध्येही ४५च?

शिक्षक: नाही. शाफ्टचा अक्ष उजवीकडे ३० अंशांत वर जात असेल, तर आडव्या कापाचा चेहरा उभी रेघ आणि डावीकडे वर जाणारी ३० अंशांची रेघ यांच्या प्रतलात बसतो. त्या चेहऱ्यावरची ४५ ची एक तिरपी रेघ कागदावर आडव्याशी ६० अंशांनी, डावीकडे झुकलेली येते. `ANSI31` मध्ये त्यासाठी अँगल ७५. दुसऱ्या बाजूची ४५ ची रेघ घेतली तर ती शाफ्टच्या कडांना समांतर होते. मग हॅचिंग आणि कडा वेगळ्या ओळखू येत नाहीत.

लेथवाला: म्हणजे 'छेदरेषा' एकालाच ठेवा, कापाच्या रेघेला.

शिक्षक: मी 'छेदनतल रेषा' म्हणेन, कारण 'छेदरेषा' ऐकून मुलं तिरप्या रेघाच काढायला घेतात. तिरप्या रेघांना मराठी शब्द हवाच. 'रेघाटणी' कुणी वापरतं का?

कॅडवाला: आमच्याकडे कुणी नाही वापरत. हॅचिंगच.