उ: पेन उघडत नाहीये

«शाई वाळून निबेचा पुढचा भाग नळीत घट्ट बसलाय. पक्कड लावू का?»

पक्कड नकोच, तडा जाईल. कपात कोमट पाणी घ्या, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतपतच. कढत पाण्यात निबेखालची जीभ वाकते. आटे बुडतील असं पेन निब खाली करून उभं ठेवा. शाईचे धागे तळाशी उतरताना दिसतील. पाणी गडद झालं की बदला. माझ्या एका पेनाला तीन रात्री लागल्या! मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हातानेच फिरवा. हललं नाही तर जोर न लावता पुन्हा भिजवा. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन असेल तर मात्र साधं गार पाणीच वापरा, उबेने त्याचा काळा रंग तपकिरी पडतो.