शब्दचर्चा: मिसकॅरेज झालेल्या मैत्रिणीला मराठीत काय लिहावं?

मृणाल, गोरेगाव: ऑफिसातल्या मैत्रिणीचं तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं. आम्ही एरवी मराठीतच बोलतो. पण 'गर्भपात झाल्याचं कळलं' असं टाइप केलं आणि तिनेच करवून घेतल्यासारखं वाटलं. पुसून 'सो सॉरी, टेक केअर' पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, आपल्या माणसाला कुणी इंग्रजीत धीर देतं का? तुम्ही काय लिहिता?

नाना: सॉरी म्हणजे माफी. तुम्ही काय गुन्हा केलात? फार तर मुळात तो 'सॉरो'वरून, म्हणजे दुःखावरून आलाय.

अदिती, पार्ले: नाना, दुःख बरोबर, नातं चुकलं. सॉरी हा 'सोअर'च्या घराण्यातला, म्हणजे दुखणं-खुपणं. सॉरोचं मूळ निराळं, अर्थ पुढे जवळ आले.

मृणाल, 'गर्भपात' आपोआप झालेल्यालाही चालतो, केलेल्यालाही. बोलताना मात्र केलेलाच डोळ्यांपुढे येतो. आमची आजी 'तिचं पोट पडलं' म्हणायची, पण ते मेसेजमध्ये कोण लिहिणार! खरी अडचण शब्दाच्या पुढची आहे. कुणी गेलं की आपण भेटायला जातो, 'कसं झालं हो?' विचारतो, घरचे सांगतात, सांगता सांगता रडतात. आपलं बोलणं कमी, बसणं जास्त. मिसकॅरेजनंतर अशी भेटायला जायची रीत नाही, म्हणून वाक्यंही घडली नाहीत. उरतं ते 'होईल गं पुन्हा', आणि तेच सर्वांत लागतं.

समीर: आमचे बाबा गेले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर नुसता आरआयपीचा पाऊस. 'भावपूर्ण श्रद्धांजली' तरी लिहा की.

मृणाल: समीरदादा, ती फ्लेक्सवरची भाषा झाली. आणि इथे श्रद्धांजली कुणाला वाहू?

नेहा (समुपदेशक): 2003 साली तुर्की मातृभाषेच्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. लहानपणी खाल्लेल्या ओरड्यातली वाक्यं तुर्कीत ऐकली की इंग्रजीपेक्षा त्वचेची, म्हणजे भावना हलली की नकळत येणाऱ्या घामाची, प्रतिक्रिया जास्त यायची. तिथे मोजले ते ओरडे, शिव्या वगैरे, सांत्वन नव्हे. पण माझ्यासमोर बसलेल्या बायका घडलेलं सगळं इंग्रजीत नीट सांगतात आणि 'आईला कसं सांगू' इथे मराठीत येऊन कोसळतात. ऑफिसात डेस्कवर बसून वाचायचा मेसेज इंग्रजीत आला तर सावरता येतं. मराठी संध्याकाळी फोनवर.

नाना: म्हणजे मराठी फक्त रडायला?

अदिती: रडायला भाषा असणं कमी आहे का? मी मात्र लिहीन मराठीतच: 'कळलं. फार वाईट वाटलं. आत्ता उत्तर देऊ नकोस.' पुन्हा होण्याचं नाव नाही, देवाची इच्छा नाही.

मृणाल: शेवटी 'काळजी घे' जोडू?

नाना: ते तर टेक केअरचं भाषांतर! आमच्या वेळी 'जपून राहा' म्हणत.

समीर: नाना, आमची आत्या पोस्टकार्डावर 'प्रकृतीची काळजी घ्यावी' लिहायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता.

नाना: 'प्रकृतीची' होतं ना? नुसतं 'काळजी घे' कुठे होतं?