मदत हवी आहे: वॉलेटमध्ये १८० यूएसडीटी पडून आहेत, पाठवताच येईनात

अंबाजोगाईकर
बाहेरच्या क्लायंटनं लोगोच्या कामाचे १८० यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाची क्रिप्टो नाणी, ट्रॉन नेटवर्कवर दिले. एक्स्चेंजवर टाकून रुपये करायचेत. वडिलांनी सोयाबीनचं बियाणं उधारीवर आणलंय, दुकानदार रोज फोन करतो. पण ‘पाठवा’ दाबलं की फीसाठी लागणारं ट्रॉनचं स्वतःचं नाणं टीआरएक्स शिल्लक नाही, असं येतं. फी यूएसडीटीतूनच कापून घेता येत नाही का?

जालन्याचा_सखा
साध्या वॉलेटात नाही कापत, भाऊ. कुणाकडून तरी १-२ टीआरएक्स मागव. खातं चालू झालं की जातील पैसे.

अंबाजोगाईकर
मित्राकडून २ टीआरएक्स घेतले. वॉलेटनं फी कमी पडेल म्हणून सांगितलं होतं, तरी पाठवले. OUT_OF_ENERGY आलं. यूएसडीटी जागच्या जागी आहेत, ते २ मात्र गेले. आता काय करू?

मांजराकाठ
सखाभाऊंचं अर्धं बरोबर आहे. १ टीआरएक्सनं पत्ता चालू होतो, पण यूएसडीटी हलवायला एनर्जी लागते आणि ती नसली की टीआरएक्स जळतात. व्यवहार अर्ध्यात फसला तरी जळलेले परत येत नाहीत.

किती लागेल हे घेणाऱ्यावर ठरतं. त्याच्या पत्त्यावर आधीच यूएसडीटी असतील तर साधारण ६५,००० एनर्जी, शून्य असतील तर दुप्पट. २०२५च्या ऑगस्टपासून एका एनर्जीला १०० सन असा दर आहे आणि दहा लाख सनचा एक टीआरएक्स, म्हणजे साडेसहा किंवा तेरा टीआरएक्स. एक्स्चेंजनं तुम्हाला दिलेला पत्ता बहुतेक रिकामाच असतो, कारण आलेले पैसे ते लगेच आत ओढून घेतात. Tronscan वर तो पत्ता टाकून शिल्लक बघा. मी तर सरळ १५ ठेवीन. त्याच एक्स्चेंजवर टीआरएक्स विकत घेऊन ट्रॉन नेटवर्कनंच वॉलेटात काढा.

परभणी_९९
माझंही असंच अडकलंय! टेलिग्रामवर एकानं त्याचं वॉलेट उघडायचे गुप्त बारा शब्द दिले, वॉलेटात २,००० यूएसडीटी दिसतात. टीआरएक्स टाकून तुला निम्मे घे म्हणाला. ३० टाकले, तरी पाठवता येईनात.

मांजराकाठ
दादा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. Tronscan वर त्या खात्याची Owner परमिशन बघा. तिथं दुसराच पत्ता असेल तर सही त्याचीच चालते, बारा शब्द असून उपयोग नाही. आणखी एक टीआरएक्सही टाकू नका. सायबर पोलिसांच्या १९३० वर आजच तक्रार करा.

परभणी_९९
बघितलं. पत्ता दुसराच आहे. माझे ३० मिळतील का हो?

मांजराकाठ
त्याची सही लागते, म्हणून आपल्या हातानं तरी नाही. तक्रारीत व्यवहाराचा हॅश लिहा.

अंबाजोगाईकर
एक्स्चेंजचा पत्ता रिकामाच निघाला. १५ टाकले, १३ च्या आसपास जळले आणि १८० जमा झाले. पुढच्या वेळी क्लायंटला थेट एक्स्चेंजचाच पत्ता दिला तर ही फी वाचेल ना? टीडीएसचं काय होतं, ते कुणी सांगा.