मदत हवी आहे: डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना एमडी घेतलं, आजची गोळी द्यायची का?

सातपूरकर (रविवार, सकाळी ७:२०)
रूममेटच्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. काल रात्री गंगापूर धरणाकडे एका फार्महाऊसवर पार्टी होती, तिथे त्याने एमडी घेतलं. पहाटे मित्रांनी आणून सोडला. घामाने भिजलाय, दात आवळतोय, पाय थरथरतायत, झोपायला तयार नाही. अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉल दिली, काही फरक नाही. त्याची रोजची गोळी नाश्त्यानंतर असते. ती द्यायची की चुकवायची? लेक्चर नको, हो की नाही एवढंच सांगा.

पश्या_पार्टीवाला
घाबरू नको रे. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असल्या की एमडी नीट चढतच नाही, खूप जणांचा अनुभव आहे. पैसे वाया जातात, बाकी काही होत नाही. लिंबूपाणी दे, झोपव.

रात्रपाळी
गोळी देऊ नका. पण तुमचा खरा प्रश्न तो नाहीये. मी आयसीयूत काम करते, म्हणून विचारते, पटापट सांगा: गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, पावडर होती की टॅब्लेट, किती वाजता घेतली, परत घेतली का, आणि अजून कुठलं औषध चालू आहे? ताप मोजला का?

आजोबा_पंचवटी
आमच्या वेळी धरणावर पोहायला जायचो. आता काय चाललंय बघा. शिंदे गावात २०२३ मध्ये तो कारखाना पकडला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे विष घरापर्यंत येणार.

सातपूरकर
लेक्चर नको म्हटलं होतं ना काका. ताई, एस्सिटालोप्रॅम १०, चार महिने झाले. पांढरी पावडर होती. एकच्या सुमारास घेतली, मग "चढत नाही" म्हणून अजून दोनदा. थर्मामीटर नाही. बाकी औषध काही नाही.

पश्या_पार्टीवाला
बघ, चढत नाही म्हणाला ना. मी काय सांगत होतो?

रात्रपाळी
पश्या, तू म्हणतोस ते अर्धं खरं आहे आणि तोच अर्धा भाग माणसाला गोत्यात आणतो. चढत नाही म्हणून हा अजून घेत बसला. मजा कमी झाली म्हणून हृदयावरचा ताण आणि अंगातली उष्णता तेवढीच कमी होईल याची खात्री नाही.

सातपूरकर, त्याच्या खोलीत औषधांच्या स्ट्रिप्स बघा. डोकेदुखी, पाठदुखी, खोकला, ॲसिडिटी, काहीही. "औषध नाही" असं सगळेच सांगतात.

मृणाल_कु
माझ्या आईला अशाच गोळीने सोडियम कमी झालं होतं. बडबडायला लागली होती, आम्हाला वाटलं विसरभोळेपणा आलाय. त्याचं सोडियम बघून घ्या. मीठ-साखर-पाणी द्या का?

सातपूरकर
पाठदुखीच्या गोळ्या आहेत. गेल्या महिन्यात द्वारकाजवळ बाईकवरून पडला होता, तेव्हाच्या. पण त्याचा काय संबंध? नाव ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल. काल दुपारी आणि रात्री निघताना घेतली म्हणे.

रात्रपाळी
संबंध आहे. ट्रामाडॉल नुसती वेदनाशामक नाही, डिप्रेशनच्या गोळीसारखं आणि एमडीसारखं तीही सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवते. म्हणजे एकाच गोष्टीवर तीन बाजूंनी जोर पडलाय. आणि त्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच आहे, वरून तुम्ही दिलीत. आता आणखी देऊ नका.

एक बघा. त्याला आडवं करा, गुडघा किंचित वाकवा, आणि तळपाय झटकन त्याच्या नडगीकडे ढकलून दाब तसाच धरून ठेवा. पाऊल एकदा हलून थांबतं, की आपोआप टकटक करत राहतं?

सातपूरकर
थांबत नाहीये. दोन्ही पायांना. डोळ्यांच्या बाहुल्या पण मोठ्या आहेत आणि बुबुळं हलतायत असं वाटतंय.

रात्रपाळी
१०८ लावा. आत्ता. वाट बघावी लागणार असेल तर गाडीतून सिव्हिलला किंवा आयसीयू असलेल्या जवळच्या हॉस्पिटलला न्या. तोवर जाड कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. धरून, बांधून ठेवू नका. झटापटीत स्नायू अजून आवळतात आणि ताप वाढतो. सगळ्या स्ट्रिप्स बरोबर न्या आणि पावडरचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

वकीली_चष्मा
थांबा, हॉस्पिटलमध्ये एमएलसी होईल, पोलीस येतील. सेवन हाही एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, कलम २७. आधी ओळखीच्या डॉक्टरकडे विचारा.

रात्रपाळी
वकीलसाहेब, हा सल्ला आत्ता देऊ नका. लपवलं तर आत गेल्यावर चुकीचं औषध मिळू शकतं. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ॲडमिट झाली. तिला फेनेलझीन ही डिप्रेशनची गोळी चालू होती, तिला वॉर्डात पेथिडिन दिलं आणि काही तासांत ती गेली. पेथिडिन साधं वेदनाशामक इंजेक्शन आहे. काय चालू आहे हे डॉक्टरला कळणं एवढं महत्त्वाचं असतं.

वकीली_चष्मा
६४अ मध्ये उपचार घेणाऱ्याला सूट आहे, ते मला माहीत आहे. पण ती व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर. एकदाच पार्टीत घेणाऱ्याला लागू होते का, यावर वाद होऊ शकतो. एवढंच म्हणतोय.

सातपूरकर
गाडीत आहोत. नंतर बोलतो.

शाल्मली_सिडको
तो पोचेपर्यंत विचारते, त्याने दोन दिवस आधी गोळी बंद केली असती तर चाललं असतं ना? माझा एक मित्र तसंच करतो.

रात्रपाळी
नाही. एस्सिटालोप्रॅम निम्मं व्हायलाच साधारण सव्वा दिवस लागतो, त्यामुळे दोन दिवसांत बरंच अंगात शिल्लक असतं. फ्लुऑक्सेटीन असेल तर बंद केल्यावरही आठवडे राहतं. इतकं, की तिच्यानंतर एमएओआय या जुन्या जातीची डिप्रेशनची गोळी सुरू करायची तर डॉक्टर पाच आठवडे थांबतात. आणि गोळी अचानक तोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, हे वेगळंच. तुमच्या मित्राला सांगा की त्याच्या डोक्यातला हिशोब रक्तातल्या हिशोबाशी जुळत नाही.

पश्या_पार्टीवाला
ताई, मग चढत नाही कशामुळे? तेवढं तरी सांगा.

रात्रपाळी
मेंदूच्या पेशीत सेरोटोनिन परत ओढून घेणारं एक दार असतं. डिप्रेशनची गोळी ते दार अडवते. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, त्याच दारातून आत शिरून सेरोटोनिन बाहेर ढकलतं. दार अडलेलं असेल तर ते आत जाऊ शकत नाही, म्हणून मजा कमी. इथवर तुझं बरोबर. पण एमडीएमए नॉरॲड्रेनॅलिनही सोडतं, त्यामुळे नाडी, रक्तदाब, उष्णता वाढू शकते. शिवाय पॅरोक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन लिव्हरमधलं जे एन्झाईम बंद पाडतात, तेच एमडीएमए मोडतं. मग रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि मोक्लोबेमाइडसारख्या एमएओआयवर एमडीएमए घेतलेल्यांचे मृत्यू नोंदले गेलेत. तिथे "चढत नाही" हा दिलासाच नसतो.

आणि मुळात तुम्ही कुठल्या पावडरबद्दल बोलताय? आपल्याकडे एमडी म्हणून विकतात ते बहुतेकदा मेफेड्रोन असतं, एमडीएमए नाही. मेफेड्रोनही सेरोटोनिन सोडतं, लवकर उतरतं आणि परत घ्यायला लावतं. पश्याचा सगळा अनुभव एमडीएमएचा असेल तर तो इथे लागू होईलच असं नाही.

पश्या_पार्टीवाला
माझा अनुभव नाही, ऐकीव आहे. इथे नोंद राहते.

मृणाल_कु
माझ्या सोडियमच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही.

रात्रपाळी
सॉरी मृणालताई. तुमचा मुद्दा इथे खरंच लागू पडतो. डिप्रेशनच्या गोळीने सोडियम उतरू शकतं, एमडीएमएने शरीर पाणी धरून ठेवतं, आणि गरम होतंय म्हणून मुलं बाटल्याच्या बाटल्या पितात. मग झटके येऊ शकतात. म्हणून नुसतं पाणी ढोसायला लावायचं नाही. पण मीठ-साखर-पाणी हा त्यावर घरचा इलाज नाही, आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीच घालू नका. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आजोबा_पंचवटी
माझ्याही हाताला कंप आहे. मग मलाही हेच झालंय का?

रात्रपाळी
काका, तुमचा कंप किती दिवसांचा आहे? या मुलाला झालंय ते औषध घेतल्यापासून काही तासांत येतं, बहुतेकांना एका दिवसाच्या आत. महिनोन्महिने हळूहळू येत नाही. तुम्ही मेंदूविकारवाल्यांना दाखवा.

सातपूरकर (रविवार, रात्री ९:४०)
आयसीयूत आहे. तिथे ताप ३९.४ निघाला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पण तेच पायाचं करून बघितलं आणि म्हणाले, सेरोटोनिन सिंड्रोम वाटतंय. मी विचारलं रक्तात कळेल का, तर म्हणाले या आजाराची रक्ततपासणी नसते, लक्षणांवरूनच ठरवायचं. सोडियम, किडनी आणि स्नायू तुटलेत का यासाठी मात्र रक्त घेतलं. सोडियम ठीक आहे. शांत करायला लोराझेपाम दिलं, सलाईन लावलं, अंग थंड केलं. आणि सायप्रोहेप्टाडीनच्या गोळ्या आणायला पाठवलं. केमिस्ट विचारतो, भूक लागत नाही का पेशंटला?

शाल्मली_सिडको
हो, ते भूक वाढवायला देतात ना! माझ्या भाचीला दिलं होतं.

रात्रपाळी
तेच औषध. ते सेरोटोनिनचा एक रिसेप्टर अडवतं. त्याचा पुरावा फार भक्कम नाही, खरा आधार लोराझेपाम, थंडावा आणि लक्ष ठेवणं. म्हणून घरात सायप्रोहेप्टाडीनची बाटली आहे एवढ्यावर कुणी पार्टीला जाऊ नये. आणि सकाळच्या पॅरासिटामॉलने ताप का उतरला नाही ते लक्षात घ्या: हा ताप जंतूंमुळे मेंदूने वाढवलेला नसतो, आवळलेल्या स्नायूंनी तयार केलेला असतो. स्नायू सैल झाले की उतरतो.

वकीली_चष्मा
एमएलसी झाली का?

सातपूरकर
कागद भरला, पोलीस अजून आले नाहीत. पुढचं माहीत नाही. लघवीची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून याचे मित्र आता म्हणतायत, पावडरमध्ये काही नव्हतंच, तुमच्या पाठदुखीच्या गोळीमुळे झालं.

रात्रपाळी
मेफेड्रोन साध्या पट्टीवर बहुतेकदा दिसतच नाही, त्यामुळे निगेटिव्हवरून काही सिद्ध होत नाही. पण ट्रामाडॉलचा वाटा किती हे मीही सांगू शकत नाही. एस्सिटालोप्रॅम आणि ट्रामाडॉल दोन्ही चालू असलेले पेशंट असतात, बऱ्याच जणांना काही होत नाही, काहींना होतं. पाठीच्या डॉक्टरला डिप्रेशनच्या गोळीचं सांगितलं होतं का त्याने?

सातपूरकर
नाही. घरी पण माहीत नाही. आई उद्या सिन्नरहून येतेय, काय सांगू तेच कळत नाहीये. एस्सिटालोप्रॅम परत कधी सुरू करायची?

रात्रपाळी
ते त्याचे मानसोपचारवालेच ठरवतील, डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. स्वतःहून सुरू करू नका आणि कायमची बंदही करू नका. ट्रामाडॉलची स्ट्रिप मात्र घरातून हलवा.

शाल्मली_सिडको
आणि खोकल्याचं औषध? मला सर्ट्रालीन चालू आहे, सर्दी झालीय.

रात्रपाळी
बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर केमिस्टला सर्ट्रालीनचं सांगून दुसरं मागा.